अर्थ म्हणजे शून्य नव्हे : घुमणाऱ्या स्पीकरची प्रस्तावना

टीव्हीचा आवाज शून्यावर आणला, म्यूटही केला, तरी कोपऱ्यातला वूफर घुमतच राहतो. घूं असा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज. दिवसा पंख्यात आणि रहदारीत तो हरवतो, पण रात्री अकरानंतर हॉलभर पसरतो. स्पीकरच्या मागची लाल-पांढऱ्या पिनांची वायर स्पीकरमधून काढली की वूफर गप्प, परत लावली की घूं सुरू. या तक्रारीचे पुढे काय होते ते ठरलेले आहे. दोष स्पीकरवर जातो, दुकानदार तो बदलून देतो, आणि नवा संचही त्याच सुरात घुमू लागतो. मग संशय टीव्हीवर जातो. पण हाच टीव्ही स्वतःच्या स्पीकरवर स्वच्छ बोलतो आणि हाच वूफर मोबाइलला जोडला की स्वच्छ वाजतो. दोन्ही यंत्रे एकेकटी निर्दोष आहेत, त्यांना जोडले की मात्र दोष उभा राहतो. म्हणजे तो कुठल्याही एका यंत्रात नसून जोडणीत आहे. या प्रस्तावनेचे म्हणणे एवढेच की हा आवाज एका वायरवर दोन कामे लादल्यामुळे येतो. तो घालवायचा तर त्या दोन कामांची फारकत करायला हवी. त्यापायी घराची अर्थिंग तोडायचे काहीच कारण नाही, आणि तरीही घरोघरी नेमके तेच केले जाते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगावे लागते.

आधी ती लाल-पांढरी वायर उघडून पाहू. वरचे प्लॅस्टिक सोलले की आत तांब्याच्या बारीक तारांची जाळी दिसते आणि जाळीच्या आत, वेगळ्या आवरणात, एक मधली तार. पिनेचा मधला खिळा त्या तारेला जोडलेला असतो, भोवतीची गोल कडी जाळीला. आवाजाचा संदेश मधल्या तारेतून जातो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. अँप्लिफायरला एका तारेचे व्होल्टेज कळत नाही. त्याला कळतो तो मधली तार आणि जाळी यांच्यातला फरक, म्हणजे जाळी ही मोजणीची जमीन आहे. भाऊच्या धक्क्याला लागलेल्या लाँचमध्ये उभ्या असलेल्या माणसाची उंची धक्क्यावरून मोजायला गेलात, तर लाटेबरोबर ती कमी-जास्त होताना दिसेल. माणूस तेवढाच आहे, हलते आहे ती त्याच्या पायाखालची लाँच. टीव्हीची जमीन आणि अँप्लिफायरची जमीन यांचे नाते असेच आहे. त्या दोघींना एका पातळीवर धरून ठेवण्याची जबाबदारी जाळीवर असते. जाळीतून आवाजाखेरीज दुसरा कुठलाही प्रवाह वाहत नसेल तर ती हे काम चोख करते. दुसरा प्रवाह वाहू लागला की जाळीच्या दोन टोकांत फरक पडतो, कारण तांबे चांगले वाहक असले तरी त्याला रोध असतोच. तो फरक अँप्लिफायर इमाने इतबारे आवाज समजून मोठा करतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून तो आवाज ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला, १०० आणि १५० हर्ट्झचा असतो. ५० हर्ट्झला आपला कान मंद आहे आणि मोबाइलएवढ्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. वूफर मात्र बनवलेलाच त्या पट्टीसाठी असतो, म्हणून घुमण्याची तक्रार बहुतेक वेळा वूफरवाल्या घरातून येते.

आता हा दुसरा प्रवाह जाळीत शिरतो कुठून? त्यासाठी शहरातल्या कुठल्याही सोसायटीत आढळेल अशी एक मांडणी घेऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भिंतीवर टीव्ही आहे आणि त्याची पिन दोन पायांची आहे, म्हणजे त्याला अर्थ नाही. खाली सेट-टॉप बॉक्स, त्याचा अडॅप्टरही दोन पायांचा. बॉक्समध्ये स्क्रूने घट्ट केलेली केबलवाल्याची काळी वायर येते. बाजूला होम थिएटरचा अँप्लिफायर आहे, त्याची पिन मात्र तीन पायांची. वरवर पाहता अर्थ एकाच यंत्राला आहे, तेव्हा वर्तुळ पुरे व्हायचे कारण नाही. पण केबलवाल्याच्या काळ्या वायरीलाही जाळी आहे. ती बॉक्सच्या पत्र्याला लागते, बॉक्समधून एचडीएमआयच्या आवरणातून टीव्हीच्या चॅसीला, चॅसीतून लाल-पांढऱ्या वायरीच्या जाळीतून अँप्लिफायरला, आणि तिथून तिसऱ्या पिनेतून आपल्या इमारतीच्या अर्थिंगला. काळ्या वायरीचे दुसरे टोक जिन्यातून वर जाते, स्प्लिटरमधून इतर घरांना फुटते आणि गच्चीवरून शेजारच्या इमारतीत, केबलवाल्याचा अँप्लिफायर ठेवलेला असतो तिथे पोचते. तो अँप्लिफायर तिथल्या अर्थिंगला जोडलेला आहे असे धरू. म्हणजे दोन इमारतींच्या जमिनी एका धातूच्या सलग वाटेने जोडल्या गेल्या, आणि त्या वाटेचा शेवटचा तुकडा आपली आवाजाची वायर आहे. जमिनीतून परत येणारी बाजू धरली की वेटोळे पुरे होते. इंग्रजीतला ‘ग्राउंड लूप’ हा शब्द आपल्या तंत्रज्ञांनी जसाच्या तसा उचलला आहे. मराठीत त्याला अर्थिंगचे वेटोळे म्हणायला हरकत नाही.

इथे पहिली हरकत येते, आणि ती वाजवी आहे. पृथ्वी एकच आहे, मग दोन अर्थिंगमध्ये फरक कसा? शाळेत भूसंपर्क तारेचे विभव शून्य असते असे शिकवलेले असते. पण ते शून्य हा एक करार आहे, समुद्रसपाटीसारखा. अर्थिंग म्हणजे प्रत्यक्षात तांब्याची वायर, मग लोखंडी पट्टी, मग खड्ड्यात कोळसा-मिठात पुरलेला पाइप किंवा प्लेट, आणि त्याभोवतीची माती. या प्रत्येकाला रोध आहे आणि सगळ्यात मोठा वाटा मातीचा. म्हणूनच उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची पद्धत आहे, आणि म्हणूनच काळ्या कातळावरच्या इमारतींत चांगली अर्थिंग मिळवायला जास्त खटाटोप करावा लागतो. आता रोध असला तरी प्रवाह नसेल तर फरक पडणार नाही. पण अर्थिंगमधून प्रवाह नेहमीच वाहत असतो. तो दोष नव्हे. वॉशिंग मशीन, एसी, संगणक, पंपाचा स्टार्टर, लिफ्टचा ड्राइव्ह या सगळ्यांत विजेतली खरखर जमिनीत सोडून देणारे छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यांतून प्रत्येकी मिलिअँपिअरच्या हिशेबात प्रवाह पाझरतो.

आकडे घालून पाहिले की हे स्पष्ट होते. समजा आपल्या इमारतीचा मिळून २०० मिलिअँपिअर प्रवाह अर्थिंगमधून जातो आणि खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे. तर आपल्या अर्थ पिनेची पातळी दूरच्या मातीच्या तुलनेत १ व्होल्टने हलत राहील. शेजारची इमारत लहान आहे, तिच्या अर्थिंगमधून फारसे काही वाहत नाही, खड्डा मात्र तसाच ५ ओहमचा. दोन अर्थिंगमधले विभवांतर झाले १ व्होल्ट. त्यांना केबलच्या वाटेने जोडले की वेटोळ्याचा एकूण रोध सुमारे १० ओहम, म्हणजे प्रवाह १०० मिलिअँपिअर. आवाजाच्या वायरीच्या जाळीचा आणि तिच्या कडीच्या सांध्याचा रोध मिळून फक्त ०.०५ ओहम धरू. तरी जाळीच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक पडला. टीव्हीतून येणारा आवाजाचा संदेश साधारण ३०० मिलिव्होल्टचा असतो. म्हणजे घूं ही मूळ आवाजाच्या फक्त साठपट लहान उरली. कानाच्या हिशेबात साठपट म्हणजे काहीच अंतर नव्हे, दोन संवादांमधल्या शांततेत ती खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येईल. एक व्होल्ट म्हणजे साध्या पेन्सिल सेलच्याही खाली, आणि त्याच्या दोनशेव्या भागाने हॉल घुमवला.

याच्या शेजारी केबलचा तो ओळखीचा झटका ठेवून पाहावा. काळ्या वायरीचे टोक हातात धरून दुसऱ्या हाताने फ्रिजला किंवा नळाला स्पर्श झाला की मुंग्या आल्यासारखे होते, कधी चांगलीच चुणूक बसते. मल्टिमीटर लावला तर केबलची जाळी आणि अर्थ पिन यांच्यात ५० ते १०० व्होल्ट दिसू शकतात. ते पाहून माणूस घाबरतो आणि घुमण्याचे सगळे खापर त्या शंभर व्होल्टवर फोडतो. हे व्होल्ट येतात ते सोसायटीतल्या टीव्हींमधूनच. दोन पायांच्या पिनेच्या टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये विजेची बाजू आणि चॅसी यांच्यामध्ये एक नॅनोफॅरडच्या मापाचा सुरक्षा कपॅसिटर असतो. त्यातून एका टीव्हीमागे मिलिअँपिअरच्या दशांशाएवढा प्रवाह चॅसीवर झिरपतो. एकट्याने तो जाणवतही नाही. पण सगळ्या घरांच्या चॅसी केबलच्या जाळीने एकमेकींना बांधलेल्या आहेत. तीस टीव्हींचे मिळून ३ मिलिअँपिअर होतात, आणि हातापायांना मुंग्या यायला एक मिलिअँपिअरही पुरतो. केबलवाल्याने जाळी कुठेच अर्थ केलेली नसेल, तर हा सगळा प्रवाह जमिनीची वाट शोधत असतो. ती वाट त्याला मिळते ज्याच्या घरी तीन पिनांचा अँप्लिफायर आहे त्याच्याकडे. अख्ख्या जिन्याचा पाझर एका हौशी माणसाच्या आवाजाच्या वायरीतून निचरा होतो. पण हिशेब करा: ३ मिलिअँपिअर गुणिले ०.०५ ओहम म्हणजे ०.१५ मिलिव्होल्ट, मघाच्या तिसाव्या हिश्शाहून कमी. रात्री कान देऊन ऐकले तर ऐकू येईल एवढीच चरचर. शिवाय घरे तीन वेगवेगळ्या फेजवर विभागलेली असली तर ५० हर्ट्झचा भाग बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो. १५० हर्ट्झचा भाग मात्र तिन्ही फेजवर एकाच तालात असल्याने साचत जातो, आणि म्हणून या चरचरीचा सूर घूंपेक्षा वरच्या पट्टीतला वाटतो.

म्हणजे शंभर व्होल्टने नुसती चरचर आणि एका व्होल्टने अख्खा हॉल घुमतो. यात गूढ काही नाही. शंभर व्होल्टच्या मागे कपॅसिटरचा प्रचंड अडथळा आहे, जोडणी होताच ते कोसळतात. एका व्होल्टच्या मागे नुसती दहा ओहमची माती आहे. जाळीतून किती प्रवाह वाहतो आणि त्या जाळीच्या वाट्याला किती रोध येतो, एवढ्या दोनच गोष्टींवर घूं ठरते. मीटरवरचा मोठा आकडा पाहून निदान करणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

या विचाराला भक्कम आधार मिळतो तो रंगमंचावरच्या ध्वनियंत्रणेतून. तिथे मिक्सरपासून अँप्लिफायरपर्यंत पन्नास-पन्नास मीटरच्या वायरी असतात, दोन्ही टोके वेगवेगळ्या बोर्डांवर, आणि तरी त्या सहसा घुमत नाहीत. कारण त्या वायरीत आवाजासाठी दोन स्वतंत्र तारा असतात आणि जाळी वेगळी. अँप्लिफायर त्या दोन तारांमधला फरक घेतो, जाळीतून काय वाहते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. एका वायरीवरची दोन कामे तिथे मुळातच वेगळी काढलेली आहेत. पण अशा यंत्रणाही काही वेळा घुमत, आणि त्याचे कारण ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलच्या जून १९९५ च्या अंकात नील मन्सी यांनी नेमके दाखवले. काही यंत्रांत जाळीची पिन, म्हणजे पिन क्रमांक एक, बाहेरच्या पत्र्याला न जोडता आतल्या सर्किटच्या जमिनीला जोडलेली असे. जाळीतला परका प्रवाह मग आतल्या सर्किटमधून फिरून जाई. कामे पुन्हा एकत्र आली की घूं पुन्हा आली, मग वायर कितीही चांगली असो. वायरीची किंमत हा इथे मुद्दा नाही हे यातून दिसते.

आता सगळ्यात प्रबळ हरकत, कारण ती प्रत्यक्ष अनुभवावर उभी आहे. अँप्लिफायरची तिसरी पिन काढली, किंवा तिला चिकटपट्टी गुंडाळली, किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की घूं तत्काळ थांबते. मग दोष अर्थिंगचाच नव्हे का? घूं थांबते हे खरे आहे. वेटोळे कुठेही तोडले तरी ते थांबणारच. केबल काढली तरी थांबेल, आवाजाची वायर काढली तरी थांबेल. तोडण्याच्या तीन-चार जागांपैकी आपण नेमकी ती जागा निवडली जिथे तोडल्याने जीव जाऊ शकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तीन पिनांच्या अँप्लिफायरचा पत्र्याचा डबा निर्धोक असतो तो केवळ तिसऱ्या पिनेच्या भरवशावर. आतली फेजची तार सुटून डब्याला टेकली, तर अर्थ असताना मोठा प्रवाह जाऊन फ्यूज उडतो किंवा आरसीसीबी पडतो. अर्थ नसताना डबा २३० व्होल्टवर जातो आणि गुपचूप तसाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे तो डबा आवाजाच्या जाळीने टीव्हीला आणि टीव्हीमार्फत केबलच्या जाळीला जोडलेला आहे. एका घरातला बिघाड जिन्यातल्या प्रत्येक सेट-टॉप बॉक्सच्या पत्र्यापर्यंत पोचू शकतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर त्याला पडायला प्रवाहाची कुठली तरी वाट लागते, आणि अर्थ काढून टाकल्यावर ती वाट एखाद्या माणसाच्या शरीरातून जाणारी असू शकते. दोन पिनांचा टीव्ही मात्र याला अपवाद का, असे विचारले जाते. त्या टीव्हीत दुहेरी आवरण असते, एकात एक दोन चौकोनांची खूण मागे छापलेली असते, आणि तो अर्थशिवाय चालावा असाच बांधलेला असतो. अँप्लिफायर तसा बांधलेला नाही.

महागड्या वायरीची हरकतही पूर्ण खोडून काढता येत नाही, तिच्यात थोडे तथ्य आहे. जाळी जाड असली आणि वायर आखूड असली तर ०.०५ ओहमचे ०.०२ होतील आणि घूं तेवढ्याच प्रमाणात घटेल. गंजलेल्या, ढिल्या कडीने उलट तो रोध दहापट वाढू शकतो. म्हणून पिना पुसून घट्ट बसवणे, पाच मीटरऐवजी दीड मीटरची वायर वापरणे याने फरक पडतो, आणि तो फुकट मिळतो. सोन्याच्या मुलाम्याने मात्र गंज टळतो, तेवढेच. स्पाइक गार्ड किंवा स्टॅबिलायझर घेणाऱ्याची तर निव्वळ निराशा होते, कारण ही साधने फेज आणि न्यूट्रलवर काम करतात आणि आपला शत्रू अर्थच्या वाटेने येतो.

पण वेटोळे हेच प्रत्येक घुमण्याचे कारण नाही, आणि उपायाला हात घालण्याआधी ते ओळखता आले पाहिजे. सगळ्या वायरी काढून अँप्लिफायर एकटा चालू करावा. तरीही घुमत असेल, आणि आवाजाची खुंटी फिरवूनही घूं कमी-जास्त होत नसेल, तर बहुधा त्याच्याच पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर थकला आहे. तो सूर १०० हर्ट्झचा असतो आणि त्याची जागा दुरुस्तीच्या टेबलावर आहे. एकटा गप्प असेल तर आवाजाची वायर त्याला लावावी आणि दुसरे टोक मोकळे सोडावे. आता वाजेल, आणि मधल्या खिळ्याला बोट लावले तर जोरात वाजेल. इथे पुष्कळ जण फसतात. हे वेटोळे नाही, मोकळे टोक अँटेनासारखे हवेतली वीज पकडते आहे. मोकळ्या टोकाचा खिळा आणि कडी तारेच्या तुकड्याने जोडून घेतले की ते बंद होते. आता ते जोडलेले टोक टीव्हीच्या सॉकेटच्या बाहेरच्या कडीला नुसते टेकवावे, खिळा आत जाऊ न देता. घूं परत आली तर गुन्हेगार सापडला, कारण आवाजाचा संदेश येण्याची वाटच बंद असताना फक्त जाळीतून प्रवाह वाहतो आहे. मग केबलची काळी वायर सेट-टॉप बॉक्समधून उघडावी. सगळे शांत झाले की वेटोळ्याची दुसरी बाजूही पक्की झाली. टीव्हीचा आवाज वर-खाली करून घूंमध्ये फरक पडत नाही, अँप्लिफायरची खुंटी फिरवली की पडतो, ही या दोषाची आणखी एक ओळख. यातूनच एक तात्पुरती मलमपट्टी सुचते: टीव्हीचा आवाज बराच वर ठेवून अँप्लिफायरचा खाली आणला की संदेश मोठा होतो, घूं तेवढीच राहते आणि झाकली जाते.

एक खूण मात्र पाहिली की उपाय बाजूला ठेवून वायरमनला बोलवावे. बाथरूममधला गीझर सुरू झाला की घूं एकदम वाढते आणि बंद झाला की उतरते, असे होत असेल तर सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडलेली असण्याची दाट शक्यता आहे. अर्थची वायर ओढायचा कंटाळा किंवा खर्च टाळायला ही युक्ती केली जाते. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो. मीटरपासून घरापर्यंतच्या सामाईक न्यूट्रलचा रोध ०.१ ओहम असला तरी जवळजवळ १ व्होल्टचा उतार पडतो, आणि तो थेट आपल्या तथाकथित अर्थ पिनेवर येतो. यात आपल्या खड्ड्यातल्या मातीचा रोधही आड येत नाही. आणि तो न्यूट्रल मध्येच कुठे तुटला तर घरातल्या तीन पिनांच्या प्रत्येक यंत्राचा पत्रा फेजवर जाईल. स्पीकरचे घुमणे हे इथे दुखणे नसून दुखण्याची पूर्वसूचना आहे, ती ट्रान्सफॉर्मर लावून गप्प करू नये.

वायरिंग ठीक असेल तर मग फारकत कुठे करायची हे केबलच्या प्रकारावर ठरते. केबलवाल्याची वायर असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या तोंडाशी एक छोटा आयसोलेटर बसवणे सगळ्यात सोपे. त्यात जाळी आणि मधली तार दोन्ही बारीक कपॅसिटरने तुटलेल्या असतात. टीव्हीचा संदेश शेकडो मेगाहर्ट्झचा असल्याने सहज पार होतो, ५० हर्ट्झला मात्र तो कपॅसिटर भिंतीसारखा उभा राहतो. डिश असेल तर हा आयसोलेटर चालत नाही, आणि ही गोष्ट तो विकत घेऊन झाल्यावर कळते. गच्चीवरच्या डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला बॉक्स त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी पाठवत असतो, तो तुटला की चित्रच जाते. डिशचा लोखंडी खांब गच्चीच्या कठड्यातल्या सळ्यांना टेकलेला असला की वेटोळे तिथेही पुरे होतेच, तेव्हा अशा घरी फारकत आवाजाच्या बाजूला करावी लागते. त्यासाठी एकास-एक ट्रान्सफॉर्मरची डबी मिळते. संदेश चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, दोन जाळ्या एकमेकींना शिवत नाहीत. तिची मर्यादा तिच्या गाभ्यात आहे. लहान, स्वस्त गाभा खालच्या सुरांना संपृक्त होतो आणि ढोलकीचा धुमा नेमका वूफरपर्यंत पोचत नाही. घूं गेली आणि तिच्यासोबत खर्जही गेला, अशी तक्रार येते ती याच कारणाने. संगणक आणि अँप्लिफायर दोन्ही तीन पिनांचे असतील, केबल मध्ये नसेल, तर काहीही विकत न घेता दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणावे. वेटोळे राहतेच, पण दोन्ही अर्थ पिना हातभर अंतरावर आल्याने त्यांच्यात फरक पडायला जागा उरत नाही. केबलची जाळी मध्ये असेल तेव्हा मात्र याच उपायाचा काही उपयोग होत नाही, कारण वेटोळ्याचे दुसरे टोक शेजारच्या इमारतीत आहे.

शेवटची हरकत काळाची आहे. आता आवाज ऑप्टिकल वायरीतून किंवा एचडीएमआयमधून जातो, मग या जुन्या दुखण्याची चर्चा कशाला? १९८३ मध्ये तोशिबाने आणलेली ऑप्टिकल वायर प्लॅस्टिकची असते, तिच्यातून प्रकाश जातो आणि प्रवाहाला वाटच नसते. टीव्हीला तो लाल दिवा दिसणारा चौकोनी सॉकेट असेल आणि अँप्लिफायरलाही असेल, तर प्रश्न त्या जागी संपतो. एचडीएमआयचे तसे नाही. तिच्यात धातूची जाळी आहे आणि वेटोळ्याचा प्रवाह तिच्यातून मजेत वाहतो. फक्त शून्य आणि एक ओळखणाऱ्या संदेशाला ५ मिलिव्होल्टची पर्वा नसते, म्हणून ते ऐकू येत नाही. पण त्या अँप्लिफायरपासून स्वतःच्या तीन पिना असलेल्या वूफरपर्यंत अजूनही बहुधा तीच जुनी एका जाळीची वायर जाते, हॉलच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, दुसऱ्याच सॉकेटपर्यंत. टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत सगळे डिजिटल झालेल्या घरातही वूफर घुमतो तो या शेवटच्या चार मीटरमुळे, आणि तिथे पहिल्यांदा करून पाहायची गोष्ट म्हणजे त्याची पिन अँप्लिफायरच्याच बोर्डवर आणून लावणे.